घर सोडल्यावर मालकाला किंवा भाडेकरूला रेटिंग देताना: भाडं, रिपेअर आणि घराची निगा, बाकी काही नाही

अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपतं, टेम्पो येतो, सामान जातं, आणि मग नवीन घरात पहिल्या रात्री गादीवर बसून माणूस मोबाईल काढतो आणि जुन्या मालकाबद्दल काय काय लिहून टाकतो. "एक नंबरचा कंजूष माणूस, चुकूनही जाऊ नका." तिकडे मालक पण तेच करतो, "पोरं नीट नव्हती, घराची वाट लावली." आता हे वाचून पुढच्या माणसाला कळतं काय, तर फक्त एवढंच की कोणीतरी चिडलंय. डिपॉझिट मिळालं का, किती दिवसांनी, गळती सांगितल्यावर प्लंबर कधी आला, हे जे त्याला खरंच हवंय ते कुठेच नसतं.

मी भाड्यानेही राहिलोय आणि नंतर स्वतःचा फ्लॅट भाड्याने दिलाही आहे, त्यामुळे दोन्हीकडची चिडचिड माहितीये. रेटिंगमध्ये फक्त तेच लिहायचं ज्याच्या मागे तारीख, मेसेज, बिल किंवा बँक एंट्री दाखवता येते, असं मी ठरवलंय. हे प्रत्यक्षात कसं करायचं ते एकाच उदाहरणावरून बघू. उदाहरण रचलेलं आहे, पण यातली प्रत्येक गोष्ट पुण्यात दर दुसऱ्या फ्लॅटमध्ये घडते.

समजा वाकडमधला टू बीएचके, भाडं २२,००० रुपये, डिपॉझिट ६६,०००, लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट १ जून ते ३० एप्रिल. मालक साठीच्या पुढचे काका, भाडेकरू नवरा-बायको दोघेही नोकरीवाले.

घाई करू नका, आधी हिशोब मिटू द्या

डिपॉझिट यायचं बाकी असताना रेटिंग लिहायला बसायचं नाही. एक तर तेव्हा डोकं तापलेलं असतं, आणि दुसरं म्हणजे "डिपॉझिट द्या नाहीतर सगळीकडे लिहितो" असा मेसेज एकदा गेला की तुमचं खरं म्हणणंही धमकीसारखं दिसायला लागतं. पैसे मागायचे असतील तर ते वेगळे मागा, लेखी, तारीख घालून. पैसे आले की लिहा. आलेच नाहीत तर लेखी मागणीत दिलेली मुदत संपल्यावर लिहा, आणि तेव्हाही "पैसे खाल्ले" असं न लिहिता "३० एप्रिलला चावी दिली, आज १५ जूनपर्यंत ६६,००० पैकी काहीही परत आलेलं नाही" असं लिहा. याच्यावर कोणी वाद घालू शकत नाही.

मग ॲग्रीमेंट उघडा, आणि खरंच वाचा

बहुतेकांनी सही करताना एजंटच्या ऑफिसात पाच मिनिटांत पानं उलटलेली असतात, आत काय होतं ते आठवतच नाही. रेटिंग देण्याआधी मात्र चार गोष्टी शोधून बाजूला लिहून घ्यायच्या: भाडं कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं होतं, डिपॉझिट कधी परत द्यायचं होतं आणि त्यातून काय कापता येणार होतं, रिपेअर कोणाकडे, आणि रंगकामाचं कलम. कारण निम्मी भांडणं अशी असतात की समोरच्याने ॲग्रीमेंटप्रमाणेच केलेलं असतं आणि आपल्याला ते आवडलेलं नसतं. ॲग्रीमेंट आवडलं नाही हा मालकाचा दोष नाही, सही आपणच केली.

आपल्या उदाहरणात भाडं महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, डिपॉझिट चावी देताना परत, "रंगकामासाठी लायसन्सीकडून १२,००० रुपये कापले जातील" असं चक्क लिहिलेलं, आणि छोट्या रिपेअरबद्दल काहीच नाही.

हे "काहीच नाही" फार कॉमन आहे. अशा वेळी कोणाचं काय हे ठरवायला एक बऱ्यापैकी मोजपट्टी आहे, ती म्हणजे केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमधली दुसरी अनुसूची. हा नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, आणि महाराष्ट्रात अजून १९९९ चा भाडे नियंत्रण कायदाच चालतो, त्यामुळे तो दाखवून मालकाला काही भाग पाडता येणार नाही. पण नॉर्मल काय याचा अंदाज घ्यायला ती यादी झकास आहे. त्यात भिंती-स्लॅबचं काम, रंगसफेदी, पाईप बदलणं, वायरिंग हे मालकाकडे टाकलंय, आणि नळ, नळाचे वॉशर, ड्रेनेज साफ करणं, गिझरची दुरुस्ती, स्विच-सॉकेट, दाराची कुलपं, खिडकीच्या काचा हे भाडेकरूकडे. ॲग्रीमेंटमध्ये उलटं लिहिलं असेल तर ॲग्रीमेंटच धरायचं, जसं इथे रंगकामाचं झालंय.

आता पुरावे एका ठिकाणी आणा

तीन ठिकाणाहून गोळा करायचंय. बँक स्टेटमेंटमधून भाड्याच्या एंट्री आणि डिपॉझिट परत आल्याची एंट्री. व्हॉट्सॲप चॅट आख्खं एक्स्पोर्ट करून घ्या, स्क्रीनशॉट नको, कारण स्क्रीनशॉट काढताना आपण नकळत आपल्या बाजूचेच मेसेज निवडतो. आणि घरात शिरतानाचे-सोडतानाचे फोटो-व्हिडिओ, प्लंबर-इलेक्ट्रिशियनची बिलं, महावितरणचं शेवटचं बिल.

हे सगळं एका वहीत तारखेप्रमाणे उतरवा. सांगितलं कधी, उत्तर आलं कधी, माणूस आला कधी, काम संपलं कधी. या चार तारखा वेगवेगळ्या लिहिणं फार महत्त्वाचं आहे, का ते खालच्या गळतीत कळेल.

फोनवर झालेलं बोलणं पुराव्यात धरता येत नाही. "काका फोनवर म्हणाले होते" हे तुमच्यासाठी कितीही खरं असलं तरी वाचणाऱ्याला तपासता येत नाही, तेव्हा ते रेटिंगमध्ये नको. (पुढच्या घरात फोन ठेवल्यावर लगेच "आत्ता बोलल्याप्रमाणे शनिवारी प्लंबर येतोय" असा मेसेज टाकायची सवय लावा, तोच कागद होतो.)

रिपेअर: उशीर कोणाचा ते वेगळं काढा

१४ जूनला भाडेकरूचा मेसेज, "काका, बेडरूमच्या भिंतीला ओल आलीये, फोटो पाठवतेय." काकांचं उत्तर त्याच दिवशी, "बघतो, प्लंबरला सांगतो." प्लंबर १९ जूनला आला, म्हणाला पाणी वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येतंय. २१ जूनला काकांनी सोसायटीला पत्र दिलं, त्याचा फोटो चॅटमध्ये आहे. वरच्यांनी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग केलं ते थेट ९ ऑगस्टला.

भाडेकरूच्या मनात काय राहिलंय? "जूनमध्ये सांगितलं, ऑगस्टपर्यंत ओल, दोन महिने कोणी ढुंकून बघितलं नाही." आठ आठवडे ओल होती हे शंभर टक्के खरं, पण त्यातला काकांचा वाटा एक आठवडा आहे, उरलेले सात वरच्या फ्लॅटचे आणि सोसायटीचे. आता त्या सात आठवड्यांत काकांनी पाठपुरावा केला का? चॅटमध्ये ५ जुलै आणि २४ जुलैला "सोसायटीला परत विचारलं" असे मेसेज आहेत. म्हणजे केला. दोन महिने हा आकडा नुसता लिहिला तर ते खोटं नाही, तरी अन्याय आहेच. म्हणून चारही तारखा लिहायच्या.

लिफ्ट बंद, टँकरचं पाणी, पार्किंगची भांडणं हे पण याच खात्यातलं, ते सोसायटीचं आहे, मालकाच्या नावावर टाकू नका. मालकाने मेंटेनन्स थकवल्यामुळे काही बंद झालं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तसा सोसायटीचा कागद हवा.

ओलीबद्दल अजून एक, कारण यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. मालक म्हणतो तुम्ही कपडे घरात वाळत घालता म्हणून बुरशी आली, भाडेकरू म्हणतो भिंत गळतेय. डोळ्यांनी बराचसा फरक कळतो. पाणी भिंतीतून येत असेल तर डागाला पिवळसर-तपकिरी कड असते, रंगाला फुगे येतात, वाळल्यावर पांढरी मिठासारखी भुकटी सुटते, आणि वरून मोठा पाऊस किंवा वरच्या बाथरूमचा वापर झाला की डाग वाढतो. कोंदटपणाची बुरशी म्हणजे काळे ठिपके, बहुतेक कपाटाच्या मागे, खिडकीच्या कडेला, कोपऱ्यात, जिथे हवा फिरत नाही, आणि रंग सहसा फुगलेला नसतो. पुसली की बरीचशी जाते. पहिल्याचा दोष भाडेकरूवर टाकणं चूक, दुसऱ्याचा मालकावर टाकणं चूक. आणि दोन्ही मिसळलेलं असेल, जे पावसाळ्यात असतंच बऱ्याचदा, तर नुसतं "बेडरूमच्या भिंतीला ओल होती" लिहा आणि कारण लिहू नका.

गिझर: कोणाचं काम यापेक्षा शब्द काय दिला होता

२ नोव्हेंबरला गिझरचं एलिमेंट गेलं. वरच्या यादीप्रमाणे बघितलं तर गिझर भाडेकरूकडे येतो, त्यामुळे मालकाने "तुमचं तुम्ही बघा" म्हटलं असतं तरी त्यासाठी स्टार कापणं बरोबर नव्हतं. पण काकांनी लिहिलं, "बदलून घे, बिल पाठव, डिपॉझिटच्या वेळी ॲडजस्ट करू." बिल १,८५० चं, त्याच दिवशी पाठवलं, खाली काकांचा अंगठाही आहे. हा शब्द लेखी आहे, म्हणून आता मोजपट्टी तो शब्द. तोच मेसेज "बघू नंतर" एवढाच असता तर मी हा मुद्दा रेटिंगमधून काढूनच टाकला असता, कारण "बघू" म्हणजे हो नाही, आपण ते हो समजतो एवढंच.

डिपॉझिट: एकूण कापलं किती यापेक्षा वादाचं किती

३० एप्रिलला चावी दिली. २७ मेला खात्यात ५०,०६० रुपये आले. म्हणजे १५,९४० कापले, आणि भाडेकरूच्या डोक्यात एकच वाक्य, "सोळा हजार खाल्ले."

आता ते सोडवून बघू. रंगकाम १२,०००, हे ॲग्रीमेंटमध्ये होतं, जड वाटलं तरी कबूल केलेलं, सोडून द्या. लाईटचं शेवटचं बिल १,३४०, मीटर रीडिंगचा फोटो काढला होता, जुळतंय, सोडून द्या. किचन ट्रॉलीची दुरुस्ती २,६००, बिल दिलंय. आणि गिझरचे १,८५० जमेला धरलेच नाहीत, ते धरले असते तर ५१,९१० यायला हवे होते.

ट्रॉलीचं बघा. काका म्हणतात चॅनल वाकवलं, भाडेकरू म्हणतात आलो तेव्हाच अडकत होतं. १ जूनचा व्हिडिओ आहे, त्यात हॉल आहे, दोन्ही बेडरूम आहेत, किचनचा ओटाही दिसतो, पण ट्रॉली उघडून दाखवलेलीच नाही. मग काय करायचं? दोघांपैकी कोणालाच सिद्ध करता येत नाही, तेव्हा रेटिंगमध्ये एकतर हे येणार नाही किंवा "ट्रॉलीच्या दुरुस्तीचे २,६०० बिल देऊन कापले, यावर आमचं एकमत नव्हतं" इतकंच येणार. याच्यापुढे एक शब्द नाही.

सोळा हजारांतून शेवटी खरी, कागदावर टिकणारी तक्रार उरली १,८५० रुपयांची आणि २७ दिवसांच्या उशिराची. हे असंच होतं जवळपास दर वेळी, आणि म्हणून हिशोब मांडल्याशिवाय लिहायचं नाही म्हणतो मी.

स्टार कसे द्यायचे

भाडं-डिपॉझिट, रिपेअर, घराची अवस्था, तिन्हीला वेगवेगळे. सरासरी काढू नका, कारण डिपॉझिटमध्ये त्रास देणारा पण रिपेअरला तत्पर मालक सरासरीत गुळगुळीत तीनवर येतो आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. एकच आकडा मागितला असेल तर द्या, पण खाली तिन्ही लिहा.

माझी पट्टी अशी आहे: ठरल्याप्रमाणे, वेळेत, मागे न लागता केलं तर चार. पाच फक्त त्याहून जास्त काही केलं असेल तर. आठवण करून दिल्यावर किंवा थोडं उशिरा केलं तर तीन. सारखं मागे लागावं लागलं किंवा अर्धंच केलं तर दोन. लेखी सांगूनही केलंच नाही तर एक. बरेच जण पाचापासून सुरू करून राग आला की थेट एकवर येतात, मधले तीन आकडे कोणी वापरतच नाही, खरं तर बहुतेक माणसं तिथेच असतात.

काकांना रिपेअरला चार. भाडं-डिपॉझिटला दोन, कारण उशीर झाला आणि लेखी कबूल केलेली रक्कम दिली नाही. घर देतानाची अवस्था चार, पहिल्या दिवशीच्या व्हिडिओत जे दिसतंय त्यात सगळं चालू होतं.

तेच अकरा महिने, मालकाच्या बाजूने

काकांच्या डोक्यात काय, "भाडं नेहमी उशिरा यायचं." त्यांनी पण पासबुक उघडायचं. ११ भाडी, त्यातली ८ पाच तारखेच्या आत, दोन ७ तारखेला, एक थेट १९ डिसेंबरला, आणि त्याच्या आधी ३ डिसेंबरला मेसेज आहे की "काका नोकरी बदलतेय, यावेळी १९-२० पर्यंत देते." हे "नेहमी" नाही. एकच उशीर खटकतो आणि तोच लक्षात राहतो, पण लिहिताना आकडा लिहायचा. माझ्या पट्टीने हे तीन, आधी कळवलं म्हणून मी त्याच्या खाली जाणार नाही.

घराच्या निगेत झीज आणि नुकसान वेगळं करायचं. अकरा महिन्यांत स्विचबोर्डाभोवती भिंत काळपट होणारच, टँकरच्या जड पाण्याने नळावर पांढरा थर बसणारच, सोफ्यामागे रंग घासणारच. ही झीज आहे, आणि त्यातून वर रंगाचे १२,००० घेतलेच आहेत, परत त्याचेच स्टार कापणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणं. तुटलेला नळाचा दांडा, टाईलला ड्रिलने गेलेला तडा, न विचारता ठोकलेलं टीव्ही युनिट, हे नुकसान. शंका आली तर स्वतःला विचारा, कोणताही बरा माणूस इथे अकरा महिने राहिला असता तर हे झालंच असतं का?

मालकाने अजून दोन गोष्टी आवर्जून लिहाव्यात ज्या कोणी लिहीत नाही. गळती भाडेकरूने लवकर कळवली का, कारण वेळेत कळवणं ही मोठी निगा आहे. आणि ठरलेल्या तारखेला घर रिकामं केलं का. मुदत संपूनही न सोडणाऱ्या लायसन्सीकडून दुप्पट दराने रक्कम मागता येते अशी १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये सोय आहे, म्हणजे कायदासुद्धा तारखेला एवढं मानतो, मग वेळेवर गेलेल्याला तेवढं श्रेय द्या की.

आणि काय लिहायचं नाही: घरी कोण यायचं, रात्री किती वाजता यायचे, काय शिजायचं, लग्न झालंय की नाही, कुठल्या गावचे, कुठल्या जातीचे. हे भाडं, रिपेअर, निगा यातल्या कशातच बसत नाही. भाडेकरूने पण काकांच्या स्वभावावर, त्यांच्या सुनेवर, पूजेवर लिहायचं नाही.

शब्द आणि प्रायव्हसी

"फ्रॉड", "चोर", "लुटारू" हे शब्द वापरू नका. चांगलं दिसत नाही हे आहेच, पण बदनामी हा गुन्हाही आहे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, आणि तिथे नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. "१,८५० रुपये लेखी कबूल करून दिले नाहीत" हे तुम्ही कागदावर दाखवू शकता. "फसवा माणूस" हे कसं दाखवणार?

फ्लॅट नंबर, मोबाईल नंबर टाकू नका. ॲग्रीमेंटचा फोटो तर अजिबात नाही, त्यात दोघांचे फोटो, पत्ते, ओळखपत्रांचे तपशील असतात आणि लोक बिनधास्त चिकटवतात.

शेवटी लिहिलेलं असं दिसतं

भाडेकरूचं: "टू बीएचके, जून ते एप्रिल. रिपेअर ४: ओल १४ जूनला कळवली, उत्तर त्याच दिवशी, प्लंबर १९ ला, सोसायटीला पत्र २१ ला. वरच्या फ्लॅटचं काम ९ ऑगस्टला झालं, मधे मालकांनी दोनदा पाठपुरावा केला. भाडं-डिपॉझिट २: चावी ३० एप्रिलला, पैसे २७ मेला. रंगकाम १२,००० ॲग्रीमेंटप्रमाणे, लाईट बिल बरोबर. गिझरचे १,८५० ॲडजस्ट करू असं लिहून दिलं होतं, केले नाहीत. ट्रॉलीच्या २,६०० वर एकमत नव्हतं. घराची अवस्था ४: घेताना सगळं चालू होतं."

काकांचं: "भाडं ३: ११ पैकी ८ वेळेत, दोन दोन दिवस उशिरा, एक १९ तारखेला, आधी कळवून. निगा ४: ओल लगेच कळवली, भिंती-फरशी ठीक, किचन ट्रॉली दुरुस्त करावी लागली, ती कधी बिघडली यावर एकमत नाही. ठरलेल्या दिवशी घर रिकामं केलं."

टाकण्याआधी हे समोरच्याला पाठवा आणि आठवडाभर थांबा. "यात काही चुकीचं असेल तर कागद पाठवा, दुरुस्त करतो" एवढंच लिहायचं, पैशाचा विषय त्या मेसेजमध्ये काढायचाच नाही. कधीकधी समोरून असं काही येतं जे आपल्याला माहीतच नसतं, म्हणजे मालकाने ट्रॉलीचा, आधीचा भाडेकरू गेल्यानंतरचा, तारखेसकट फोटो पाठवला आणि त्यात चॅनल सरळ दिसलं, तर तो मुद्दा बदलायचा. नुसता राग आला किंवा शिव्या आल्या तर काही बदलायचं नाही, त्यावर उत्तर देत बसायचं नाही आणि त्या शिव्याही रेटिंगमध्ये घालायच्या नाहीत.

आणि नंतर कधीतरी काकांनी ते १,८५० पाठवले, तर जुनं पुसू नका, खाली तारीख टाकून एक ओळ वाढवा, "गिझरचे पैसे १० जूनला मिळाले", आणि दोनाचे तीन करा.